सहा गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा

दूरसंचार विभागाने मे 2025 मध्ये 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. त्यात 160 मेगाहर्ट्झ रुंदीचे तीन चॅनेल बसतात. जुन्या राउटरांची गर्दी तिथे नसते.

हिंगोलीतल्या माझ्या घरची जोडणी 100 एमबीपीएसची. ती याने वेगवान होणार नाही. वाय-फाय 6ई किंवा 7 नसलेल्या फोनला तर हा पट्टा दिसतच नाही.

मला फायदा एकाच कामात. पोथ्यांची 40 जीबी छायाचित्रे लॅपटॉपवरून राउटरला तारेने जोडलेल्या साठवणपेटीत न्यायला 300 एमबीपीएसने अठरा मिनिटे लागतात, 900 ने सहा. अर्थात लॅपटॉप नवा हवा आणि राउटर त्याच खोलीत. आमच्या जाड भिंतीपलीकडे हा सिग्नल चटकन क्षीण होतो.