आधी गार पाणी, मग साबण : अंड्याचा वास आणि चिकटलेला थर

आम्लेटसाठी अंडी फेटलेले भांडे बहुतेक घरांत थेट गरम पाण्याखाली धरले जाते. तेलकट भांड्यांना गरम पाणी लागते, म्हणून अंड्यालाही तेच लागत असणार, असा आपला साधा हिशेब असतो. पण मग भांड्याच्या कडेला पांढरट, चिवट पापुद्रा धरतो, घासणीच्या छिद्रांत तो अडकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच घासणीने धुतलेल्या पेल्यातल्या पाण्यालाही वास येतो. अंड्याचा बलक तेलकट असला तरी पांढरा भाग म्हणजे प्रामुख्याने पाणी आणि प्रथिने. ही प्रथिने साठ अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतात. फार गरम पाणी ओतले की भांडे धुतले जाण्याऐवजी त्यावरचे अंडे शिजते.

म्हणून कच्चे अंडे लागलेले भांडे, चमचा, ओटा आणि हात या सगळ्यांना पहिले पाणी गारच हवे. गार पाण्यात न गोठलेली प्रथिने सहज वाहून जातात. ती गेली की साबण लावायचा आणि त्यानंतर हवे तर गरम पाणी वापरायचे. साबणाची पायरी गाळू नये. कच्च्या अंड्यावर, विशेषतः कवचावर, साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि नुसत्या पाण्याने हात स्वच्छ होत नाहीत. बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा धरून किमान वीस सेकंद हात चोळायला हवेत. वासही बहुधा नखांखालीच उरलेला असतो.

आता त्या वासाकडे वळू. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांमध्ये गंधक असलेली अमिनो आम्ले असतात. अंडे तापले की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण आपले नाक या वायूच्या बाबतीत कमालीचे तिखट आहे. हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी तो जाणवतो. अंडे जितके जास्त वेळ आणि जितके कडक शिजवावे, तितका हा वायू जास्त तयार होतो. फार उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती जी हिरवट-करडी कडा दिसते, ती याच वायूची बलकातल्या लोहाशी गाठ पडल्यामुळे. ती खाण्यास अपायकारक नाही. अंडी उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकली, तर ती कडाही धरत नाही आणि घरभर वासही सुटत नाही.

या वायूचा एक गुण घरच्या उपायांत उपयोगी पडतो. तो किंचित आम्लधर्मी आहे. त्यामुळे अल्कधर्मी पाण्यात तो विरघळून बसतो, हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही त्याचा वास येत नाही. खाण्याचा सोडा इथे कामी येतो तो याच कारणाने. पूर्वी चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्यामागेही हेच रसायन होते, कारण राख अल्कधर्मी असते. साबणाने धुतल्यावरही हाताला वास राहिला, तर ओल्या तळव्यावर चिमूटभर सोडा घेऊन अर्धा मिनिट हलके चोळावा आणि धुवावा. त्वचेला चिरा असतील किंवा इसब असेल तर मात्र सोडा लावू नये, तो झोंबतो. नंतर थोडे खोबरेल तेल लावले की कोरडेपणा जातो.

लिंबाचे काय? मासळीच्या वासावर लिंबू उत्तम, कारण तो वास अल्कधर्मी पदार्थांचा असतो आणि आम्ल त्यांना बांधून ठेवते. अंड्याच्या गंधकाच्या वासाचे उलटे आहे. तिथे लिंबू मुख्यतः आपल्या सुवासाने तो वास झाकते. शिवाय कच्चे अंडे लागलेल्या जागी आधीच लिंबू किंवा व्हिनेगर लावले, तर आम्लानेही काही प्रथिने गोठतात. तेव्हा लिंबू वापरायचेच तर सगळ्यात शेवटी. स्टीलच्या चमच्यावर हात चोळल्याने वास जातो असेही सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही, पण करून पाहण्यात काही तोटाही नाही.

स्टीलच्या पॅनमध्ये अंडाभुर्जी केली, आच मोठी राहिली आणि तळाला तपकिरी थर बसला, हा प्रकार वेगळा. हे अंडे आधीच शिजलेले आहे, त्यामुळे इथे गरम पाण्याची भीती नाही. मात्र तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतू नये, तळ वाकतो आणि मग पॅन शेगडीवर डुगडुगत राहतो. पॅन कोमट होऊ द्यावा, लाकडी उलथन्याने सुटेल तेवढे काढून घ्यावे आणि थर बुडेल इतक्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास ठेवावे. वाळलेले प्रथिन पाणी पिऊन फुगते, आणि फुगले की धातूवरची पकड सोडते. पुष्कळदा एवढ्याने काम होते. जो थर तपकिरी होऊन राहतो, त्यात करपलेले तेलही मिसळलेले असते. त्यासाठी दोन कप पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून त्याच पॅनमध्ये मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळावे. उकळताना सोड्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणजे पाणी आणखी अल्कधर्मी होते. थराच्या कडा उचलल्या जाऊन पाण्यात पापुद्रे तरंगू लागले की आच बंद करावी. निवल्यावर नायलॉनच्या घासणीने थर निघतो. कडा सुटल्याच नसतील, तर जोर लावण्यापेक्षा पाणी बदलून पुन्हा एकदा उकळणे बरे.

तारेच्या घासणीचा मोह टाळावा. तिने स्टीलवर बारीक ओरखडे पडतात, पुढचे अंडे त्यांतच अडकते, आणि तारेचे सुटलेले कण नंतर गंजाचे ठिपके सोडतात. ब्लीच तर पॅनवर नकोच, त्यातील क्लोरीनच्या संयुगांमुळे स्टीलला बारीक खड्डे पडू शकतात. सोडा उकळण्याचा हा उपाय स्टीलपुरताच आहे. ॲल्युमिनियमचे भांडे त्याने काळे पडते आणि बिडाच्या तव्यावर तेलाचा मुरलेला थर निघून जातो. सोड्याने धुतल्यावर स्टीलवर पांढरट डाग राहिलेच, तर तिथे मात्र लिंबाची फोड चालते.

पुढच्या वेळी अंडे चिकटू नये म्हणून पॅन आधी तापवावा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्रकन उडून न जाता गोळी होऊन धावला, म्हणजे पॅन पुरेसा तापला. मग आच कमी करून, किंचित थांबून तेल पसरावे आणि अंडे घालावे. घातल्याबरोबर ते उलटण्याची घाई केली की तळ फाटतो. खालची बाजू पूर्ण गोठली की बरेचदा ते आपणहून सुटते.

डब्यांत प्लॅस्टिकचा डबा सर्वात हट्टी, कारण वास आणि तेलाचा अंश त्याच्यात मुरतो. पाण्यात कालवलेला सोड्याचा लेप आतून लावून रात्रभर ठेवावा, सकाळी धुवावा आणि झाकण उघडे ठेवून उन्हात वाळवावा. एवढे करूनही वास येत असेल तर झाकणातली रबरी कडी काढून हुंगून पाहा. बऱ्याचदा डबा स्वच्छ असतो आणि अंड्याचा अंश त्या कडीच्या खाचेत बसलेला असतो. खाच जुन्या टूथब्रशने साफ करावी आणि कडी पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा बसवावी.