पटावरच्या चार पिढ्या

शाळेला शंभर वर्षे होत आली की शताब्दी महोत्सव समिती स्थापन होते आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत स्मरणिकेचा विषय निघतो. शुभेच्छा संदेश, संस्थेचा इतिहास, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि जाहिराती यांच्या जोडीला एक पान कवितेसाठी राखलेले असते. ते काम बहुधा मराठीच्या शिक्षकांवर किंवा कविता करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्यावर येते. 1925 साली सहा वर्षांचा मुलगा पहिलीत बसला असेल, तर 2025 मध्ये त्याच्या पणतूचे नाव त्याच पटावर असू शकते. या चार पिढ्या फार तर तीस ओळींत बसवायच्या असतात.

अशा बहुतेक कविता वटवृक्षापासून सुरू होतात आणि ज्ञानमंदिरात संपतात. इवलेसे रोप, त्याचा विस्तार, गुरुजनांचे ऋण हे सारे खरे असले तरी ते कोणत्याही शाळेला लागू पडते. शाळेचे नाव बदलून पाहिले की दोष लगेच कळतो: दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेचे नाव घातल्यावरही एकही ओळ अडखळली नाही, तर ती कविता कोणत्याच शाळेची नव्हे.

या प्रकारातली एक जुनी आणि शिकण्याजोगी कविता अमेरिकेतली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अँडोव्हर गावी 1778 मध्ये फिलिप्स अकॅडमी ही शाळा सुरू झाली. 1878 साली तिच्या शताब्दी समारंभात ऑलिव्हर वेंडेल होम्स या कवीने ‘द स्कूल-बॉय’ ही दीर्घ कविता वाचली. पेशाने डॉक्टर असलेले होम्स 1824-25 च्या सुमारास याच शाळेत शिकले होते आणि वाचनाच्या वेळी त्यांचे वय सत्तरीकडे झुकलेले होते. शंभर वर्षांचा हिशेब मांडण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी एकच मुलगा घेतला: धुळीच्या रस्त्याने घोडागाडीतून गावात येणारा, वर्गातल्या घड्याळाकडे आणि त्याखालच्या सुविचाराकडे पाहणारा. वर्गाची चढती जमीन, बाकांच्या रांगा, मुख्य गुरुजींच्या कपाळावरच्या आठ्या हे सारे त्या मुलाच्या नजरेतून येते. श्रोत्यांत त्यांच्याहून धाकट्या कितीतरी पिढ्या बसल्या असणार. पण नव्या शाळेतला पहिला दिवस त्यांतल्या प्रत्येकाने काढलेला होता. त्यामुळे एका मुलाची गोष्ट सगळ्यांना पुरली.

होम्स यांना मात्र हवी तेवढी लांबी मिळाली होती. एका पानाच्या कवीला वेगळा मार्ग शोधावा लागतो आणि तो बहुधा शाळेच्या कपाटातच सापडतो. जनरल रजिस्टर हे शाळेचे सर्वांत जुने आणि सर्वांत कमी वाचले गेलेले पुस्तक. त्यात नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जुन्या पानांवर पुष्कळदा ओळीने मुलांची जन्मतारीख 1 जून आढळते. घरी तारखेची नोंद नसे. मग शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा आधार घेऊन गुरुजी अंदाजाने तारीख लिहीत. साऱ्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, ही गोष्ट कवीला कल्पनेने सुचली नसती. शाळा सोडण्याच्या कारणांचा रकानाही तसाच बोलका आहे. शेतीकाम, लग्न, बदली ही कारणे काळाप्रमाणे कमी-जास्त होत जातात आणि त्यांवरून गावाचा इतिहास कळतो. रजिस्टरात जातीचाही रकाना असतो. म्हणून नोंदी वाचाव्यात, पण कोणाचे नाव उचलून कवितेत घालू नये.

असे साहित्य हाती आले की छंद ठरवायचा. शाळेच्या कवितेला देवद्वार छंद सोयीचा पडतो: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. अभंगामुळे ही चाल आजोबांच्याही कानात असते आणि नातवाच्याही. येथे केवळ अक्षरे मोजायची असतात, लघु-गुरूचा हिशेब नसतो, त्यामुळे नवखा कवीही निभावून नेतो. नमुन्यादाखल एक कडवे पाहता येईल:

जुन्या हजेरीत / आजोबांचे नाव
पुढे तेच गाव / नातवाचे

दोन पिढ्या बावीस अक्षरांत आल्या आणि कोणाची स्तुती करावी लागली नाही. मात्र प्रत्येक कडव्यात आजोबा आणि नातू आणले तर चौथ्या कडव्यापर्यंत वाचक कंटाळतो. तेथे काळ पुढे नेण्यासाठी वस्तू कामी येतात. दगडी पाटी, टाक-दौत, शाईचे पेन आणि बॉलपेन ही मालिका सर्वांनाच सुचते, म्हणून ती आता गुळगुळीत झाली आहे. त्यापेक्षा गणिताच्या तासाकडे पाहावे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि ‘पाच रुपये सात आणे नऊ पै’ असल्या रकमांच्या बेरजा मुलांना घाम फोडत. मोठ्या भावाने रडत शिकलेले गणित धाकट्याला शिकावेच लागले नाही. पिढीची सीमारेषा इतक्या नेमक्या तारखेला क्वचितच सापडते.

सोळा आण्यांपायी / छडी खाई बाप
लेकीचे ते माप / शंभराचे

या कडव्यात ‘ते’ हे अक्षर केवळ सहाचा आकडा भरण्यासाठी आले आहे. अशा जागा कविता मोठ्याने म्हणून पाहिली की लगेच कानाला खटकतात, आणि समारंभात ती मोठ्यानेच म्हटली जाणार असते.

खरी कसरत नावांपाशी होते. समितीची अपेक्षा असते की सगळ्या मुख्याध्यापकांचा उल्लेख व्हावा. ‘माननीय मुख्याध्यापक’ हे दोन शब्दच नऊ अक्षरे खातात; ते सहाच्या चरणात मावत नाहीत, आणि मावले तरी पुढे आडनावाला जागा उरत नाही. शिवाय एक नाव घातले की वगळलेल्यांची नाराजी ओढवते. यावर उपाय म्हणजे नावांची यादी कवितेशेजारच्या चौकटीत द्यावी आणि कवितेत शिक्षकांची साखळी दाखवावी. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची सेवा छत्तीस वर्षांची भरते. म्हणजे पहिल्या गुरुजींचा विद्यार्थी शिक्षक झाला आणि त्याचाही एखादा विद्यार्थी त्याच फळ्यापाशी उभा राहिला, तर तीन माणसांत शतक संपते. खेड्यापाड्यांतल्या शाळांत अशी साखळी खरोखर सापडते. ती शोधून काढणे हे कविता लिहिण्याइतकेच मोठे काम आहे.

शेवटचा धोका छापखान्यात असतो. जागा वाचवण्यासाठी डीटीपी करणारा दोन चरण सलग जुळवतो किंवा चार अक्षरांचा चरण वरच्या ओळीला चिकटवतो. कागदावर यमक दिसेनासे होते आणि वाचणारा अडखळतो. म्हणून हस्तलिखितावर प्रत्येक चरणानंतर तिरकी रेघ मारून ओळ कोठे तोडायची ते लिहून द्यावे, मुद्रित कवीने स्वतः तपासावे, आणि त्यातले प्रत्येक साल जनरल रजिस्टरशी ताडून पाहावे. कवितेतले साल आणि पुढच्याच पानावरच्या संस्थेच्या इतिहासातले साल जुळत नसेल, तर माजी विद्यार्थ्यांचे पहिले पत्र त्याबद्दलच येते.