एका रुपयाला दिलेला पिन

फॅमिली प्लॅनचा हिशेब या आठवड्यात मांडणार होतो, पण तो पुढे ढकलतो आहे. सिडकोतल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातल्या दोन प्रश्नांना एक अख्खा लेख द्यावा असं वाटलं.

त्यांच्या मुलाने इंग्रजी शिकण्याचं एक ॲप घेतलं. पाटी होती, सात दिवस फक्त एक रुपया. रविवारी रात्री आठच्या सुमारास आईच्या फोनवरून यूपीआय पिन टाकून रुपया भरला. मुलाला ॲप काही रुचलं नाही, म्हणून शुक्रवारी ते फोनवरून काढून टाकलं. पुढच्या रविवारी रात्री पावणेदहाला खात्यातून ४९९ रुपये गेले. बाई विचारतात, ‘पुन्हा पिन टाकलाच नाही, तर पैसे गेले कसे? आणि रविवार संपायचा होता, मग सात दिवस पूर्ण कुठे झाले?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे. आपल्या खात्यातून ठरावीक काळाने पैसे घ्यायची जी परवानगी आपण देतो तिला ई-मँडेट म्हणतात. कार्डांसाठी याची चौकट ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने आली आणि जानेवारी २०२० मध्ये ती यूपीआयलाही लागू झाली. परवानगी नोंदवताना आणि पहिला व्यवहार होताना ग्राहकाने ओटीपी किंवा पिन द्यायचा. त्यानंतरचे व्यवहार ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याच्याशिवाय होऊ शकतात. ही मर्यादा सुरुवातीला दोन हजार होती, मग पाच हजार झाली आणि जून २०२२ पासून १५ हजार आहे. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ती एक लाखापर्यंत वाढवून मिळाली आहे.

नोंदणी आणि पहिला व्यवहार एकाच वेळी होत असतील तर दोन्हींसाठी एकच पिन चालतो, असंही नियम सांगतो. चाचणी काळाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. आपल्या मनात ४९९ रुपये हा पहिला खर्च असतो. बँकेच्या लेखी मात्र पहिला व्यवहार होऊन गेला, तो रविवारी भरलेल्या एका रुपयाचा. पिन तिथे वापरला गेला. ४९९ रुपये हा दुसरा व्यवहार, आणि दुसऱ्याला पिन लागत नाही. तो रुपया पुष्कळदा परतही येतो. कंपनीला त्या रुपयाचं काही नसतं, तिला हवी असते त्याच्यासोबत नोंदली जाणारी परवानगी.

पिन टाकायच्या आधी जो पडदा दिसतो त्यावर हे सगळं लिहिलेलं असतं, पण नजर मोठ्या अक्षरातल्या एका रुपयावर जाते. खाली बारीक अक्षरात कमाल रक्कम असते, किती काळाने पैसे घेतले जातील ते असतं आणि परवानगीची शेवटची तारीख असते. काळाच्या जागी As presented असेल तर कंपनी मागणी करेल तेव्हा, कमाल रकमेच्या आत, पैसे घेता येतात. शेवटची तारीख कधी कधी इतकी लांबची असते की शाळेतलं पोर तोवर नोकरीला लागलेलं असेल. मी पिन टाकण्याआधी या पडद्याचा स्क्रीनशॉट घेतो. नंतर वाद झाला तर आपण नेमकी कशाला परवानगी दिली हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा: रद्द करायची सुरक्षित वेळ कोणती?

प्रत्यक्ष पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. सूचनेत कंपनीचं नाव, रक्कम आणि पैसे कापण्याची वेळ असावी लागते, आणि तो व्यवहार किंवा सगळी परवानगीच नाकारायची सोय ग्राहकाला द्यावी लागते. म्हणजे रविवारी रात्री पैसे घ्यायचे तर शनिवारी रात्रीच्या आतच सूचना निघायला हवी. बाईंनी मागचे मेसेज चाळले तेव्हा ती सापडली. शनिवारी दुपारी चारची, दोन कर्जांच्या जाहिरातींच्या मध्ये. कंपनीच्या बाजूने वसुलीची तयारी तेव्हाच सुरू झाली होती. बाईंच्या मनातल्या मुदतीला अजून सव्वा दिवसाहून जास्त वेळ बाकी होता.

पावणेदहा या वेळेलाही कारण असावं. यूपीआयच्या यंत्रणेवर गर्दीच्या वेळी ताण येऊ नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेची वसुली सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर करायचं ठरवून दिलं आहे. रविवारी आठला सात दिवस भरले. आठ ते साडेनऊ हा गर्दीचा काळ. साडेनऊ उलटले आणि पुढच्या पंधरा मिनिटांत पैसे गेले. सात दिवस कंपनीने घड्याळाने मोजले, बाईंनी वाराने.

या मोजण्यातली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. काही कंपन्या तास न मोजता तारखा मोजतात, आणि तारीख त्यांच्या संगणकाची असते. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. सोमवारी पहाटे एकला गंगापूर रोडवरच्या कुणी नोंदणी केली, तर त्या वेळेप्रमाणे रविवारची संध्याकाळ चालू असते. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात केलेली नोंदणी आदल्या दिवसाच्या खात्यावर पडू शकते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ धरली तर हा पट्टा आपल्या दुपारपर्यंत येतो. रात्री जागून मालिका बघण्यासाठी चाचणी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. म्हणून मी दिवस मोजत बसत नाही. नोंदणीनंतर येणाऱ्या ईमेलमध्ये पुढच्या आकारणीची जी तारीख दिलेली असते ती धरतो आणि तिच्यापासून मागे येतो.

तर सुरक्षित वेळ. पहिली पसंती: नोंदणी केल्यावर लगेच, त्याच बैठकीत. पुष्कळ सेवा रद्द केल्यावरही चाचणीचे उरलेले दिवस वापरू देतात. रद्द करताना शेवटच्या पडद्यावर अमुक तारखेपर्यंत वापरता येईल असं लिहिलेलं असेल, तर तिथेच पुढे जावं. सात दिवस आपले, आणि आठव्याची चिंता नाही. सेवा आवडली तर पैसे भरून पुन्हा घेता येते.

सगळीकडे असं नसतं. काही चाचण्या रद्द केल्याक्षणी बंद होतात, ॲपलच्या स्वतःच्या काही सेवांचा तसा अनुभव आहे. पडद्यावर तसं लिहिलेलं दिसलं तर माघार घ्यावी आणि आकारणीच्या तारखेआधी पूर्ण दोन दिवसांची आठवण फोनमध्ये लावावी. दोनच का? एक दिवस सूचनेच्या नियमात जातो. ॲपलही चाचणी संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा असं सांगते. दुसरा दिवस तारखांच्या फरकासाठी, आणि रद्द करायचं बटण सापडलंच नाही तर कंपनीला लिहिण्यासाठी. बाईंच्या बाबतीत ही वेळ शुक्रवारी रात्री आठपर्यंतची होती. गंमत म्हणजे मुलाने शुक्रवारीच ॲप काढलं होतं. दिवस बरोबर निवडला, पण ॲप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही.

रद्द करायच्या जागा दोन आहेत आणि त्यांचा क्रम पाळावा. आधी जिथून वर्गणी घेतली तिथे रद्द करायचं. ती गूगल प्लेमार्फत घेतली असेल तर प्ले स्टोअरमधल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून Payments & subscriptions मध्ये, आयफोनवर Settings मध्ये आपल्या नावाखालच्या Subscriptions मध्ये, आणि थेट कंपनीकडून घेतली असेल तर तिच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर. रद्द झाल्याचा ईमेल आला की मग ज्या यूपीआय ॲपमधून पिन दिला त्यातल्या AutoPay विभागात जाऊन परवानगी मागे घ्यायची. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा सूचनेतल्या दुव्यावर ही सोय असते.

क्रम उलटा झाला तर काय होतं? नुसती परवानगी काढली तर पैसे वाचतात, पण कंपनीच्या नोंदीत वर्गणी चालूच राहते आणि थकबाकीचे मेसेज येऊ लागतात. शिवाय गूगल किंवा ॲपलच्या नावाने दिलेल्या एकाच परवानगीवर इतर वर्गण्याही चालत असू शकतात. ती काढली की त्याही अडकतात. शेवटच्या २४ तासांत जाग आली असेल तर मात्र हा विचार करू नये. दोन्ही जागी लगेच रद्द करावं, पैसे कापले जाईपर्यंत तो हक्क आपला आहे.

खातं रिकामं ठेवायचा उपाय अनेक जण सुचवतात. तो चालत नाही. यूपीआयमध्ये पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो, आणि त्या दरम्यान पगार जमा झाला की ४९९ रुपये सुटतात.

एक मुद्दा मला मनापासून खटकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक. फुकट वर्गणीसाठी ग्राहकाला पैसे भरण्याचे तपशील किंवा आपोआप कपातीची परवानगी द्यायला भाग पाडणं, हेही त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. रद्द करायची वाट लांबलचक करणं किंवा लपवणं हेही. म्हणजे फुकट म्हणून बोलावून दारातच मँडेट मागणं, जे आपण रोज बघतो, त्यावर सरकारी कागदाने तेव्हाच बोट ठेवलं आहे. एक रुपया घेतला की ती वर्गणी फुकट राहत नाही, असा बचाव कंपन्या करू शकतात. माझ्या मते तो टिकू नये, कारण त्या रुपयाचं काम किंमत म्हणून नसतंच.

बाईंना मी आधी फोन करून एकच गोष्ट बघायला सांगितली. त्यांना वाटत होतं, ४९९ गेले ते गेले, विषय संपला. AutoPay उघडल्यावर मँडेट तसंच जिवंत दिसलं, म्हणजे पुढच्या महिन्यातही तेवढेच गेले असते. कंपनीच्या संकेतस्थळावर आधी वर्गणी रद्द केली, मग Revoke दाबून पिन टाकला. त्यानंतर परताव्याची मागणी लिहिली: नोंदणीची वेळ, पैसे गेल्याची वेळ, मँडेटचा क्रमांक आणि रद्द केल्याच्या ईमेलचा स्क्रीनशॉट, एवढंच. पण सूचना वेळेत आली होती, म्हणून परतावा हक्काने मागता येईल अशी आशा मी त्यांना दाखवली नाही. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची आणि तिथे वर्गणीच्या सापळ्याचा मुद्दा मांडायचा, असं ठरलं आहे. काय उत्तर येतं ते कळवीन. फॅमिली प्लॅन पुढच्या आठवड्यात.