घरच्या गणेशपूजेची जाहिरात: तिच्यांत काय असावें?

श्रावण सरूं लागला कीं 'गणेशपूजेसाठीं गुरुजी मिळतील' अशा आशयाच्या जाहिराती घरोघरच्या मोबाईलवर येऊं लागतात. पूर्वीं घराण्याचे उपाध्याय ठरलेले असत व चतुर्थीस ते आपण होऊन येत. ज्या घरीं ती परंपरा आतां उरलेली नाहीं, तेथें आधीं नोंदणी करून गुरुजींना बोलवावें लागतें. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु या जाहिरातींचा मजकूर बहुधा एकाच सांच्याचा असतो: 'सर्व साहित्यासह, शुभ मुहूर्तावर, माफक दक्षिणेंत.' हीं तिन्ही विशेषणें व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत; व्यवहारदृष्ट्या मात्र तीं कांहींच सांगत नाहींत. पूजेच्या दिवशीं जो घोटाळा होतो तो बहुधा या तीन शब्दांच्या पोटांतूनच निघतो. म्हणून त्यांच्या जागीं काय लिहिलें पाहिजे तें क्रमानें पाहूं.

प्रथम 'सर्व साहित्य'. पार्थिव गणेशाच्या पूजेचें साहित्य तीन प्रकारचें असतें. हळद, कुंकू, शेंदूर, अष्टगंध, सुपाऱ्या, खारीक, बदाम, जानवें, कापसाचीं वस्त्रें, उदबत्ती, कापूर व वाती हें कोरडें साहित्य. तें चार दिवस आधीं पोंचलें तरी बिघडत नाहीं. दूर्वा, तांबडीं फुलें, पत्री व विड्याचीं पानें हें ओलें साहित्य. तें आदल्या दिवशींच, म्हणजे हरितालिकेच्या सायंकाळीं, यावयास हवें व ओलसर फडक्यांत गुंडाळून ठेवावयास हवें. तिसरें घरचें: मूर्ति, चौरंग, समई, ताम्हन-पळी, पंचामृताचे पदार्थ व मोदकांचा नैवेद्य. दहीं आणि दूध पुड्यांत बांधून पाठविण्यांत अर्थ नाहीं. तीं घरचींच ताजीं बरीं. हे तीन भाग वेगळे लिहिले नाहींत म्हणजे यजमान समजतो कीं मध गुरुजी आणतील, गुरुजी समजतात कीं घरीं असेल, आणि पंचामृताच्या वेळीं मुलाला वाण्याकडे पळावें लागतें.

यांत पत्रीविषयीं विशेष लिहिलें पाहिजे. 'एकवीस पत्री' हे शब्द जवळजवळ प्रत्येक जाहिरातींत असतात. या एकविसांत बेल, माका, शमी, आघाडा, धोतरा, रुई, मरवा, डोरली यांच्याबरोबर देवदार, अर्जुन, विष्णुक्रांता व केवडाही येतो. देवदार हा हिमालयांतील वृक्ष. त्याचें पान पुण्याच्या मंडईंत सहजीं कोठून मिळणार? म्हणून बाजारच्या जुडींत पुष्कळदां पानें एकवीस भरतात, पण जाति सात-आठच असतात. बाकीचा भरणा कुंपणावरच्या पाल्याचा. जुडी सोडून पानें जातवार मांडलीं कीं हें लगेच कळतें. शमीचीं बारीक पिसासारखीं पानें, बेलाचें त्रिदल आणि माक्याचें खरखरीत पान ओळखण्यास अवघड नाहींत. जी पत्री मिळत नाहीं तिच्या जागीं अक्षता वाहण्याचा परिपाठ आहेच. तेव्हां 'पत्री, किमान दहा जातींच्या. उरलेल्यांऐवजीं अक्षता' असें लिहिणारा मनुष्य एकवीस लिहिणाऱ्यापेक्षां अधिक विश्वासाचा समजावा.

आतां 'शुभ मुहूर्त'. या पूजेचा मुख्य काळ मध्याह्न. दिनमानाचे पांच समान भाग केले असतां तिसरा भाग तो मध्याह्न होय. समजा, चतुर्थीस पुण्यांत सूर्योदय ६.२५ व सूर्यास्त ६.४० ला आहे. दिनमान १२ तास १५ मिनिटें, एक भाग २ तास २७ मिनिटें. म्हणजे मध्याह्न ११.१९ ला लागून १.४६ ला संपतो. सगळ्याच घरांना हा काळ मिळणें अशक्य, म्हणून सकाळपासून मध्याह्न संपेपर्यंत पूजा करण्यास अनेक पंचांगकर्ते अनुमति देतात.

आतां हिशेब पाहा. प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार आणि आरती स्वस्थपणें करावयाची तर एक तास लागतो. एका घरून दुसऱ्या घरीं जाण्यास, त्या दिवसाची गर्दी धरतां, अर्धा तास. सात वाजतां आरंभ केला तर ७, ८.३०, १० व ११.३० अशा चार पूजा होतात. पांचवी एक वाजतां सुरू होईल व ती पुरी होण्याआधींच मध्याह्न संपेल. तेव्हां जो एका गुरुजींच्या नांवावर आठ वेळा मांडतो, तो एकतर अर्ध्या तासांत पूजा उरकणार किंवा शेवटच्या घरीं सायंकाळीं पोंचणार. नोंदणी करतांना 'आमच्या आधीं गुरुजींच्या किती पूजा आहेत?' एवढें विचारलें कीं पुरे. मात्र वेळ पाळण्याचा भार यजमानावरही आहे. गुरुजी दारीं येतांना मूर्ति मखरांत नसेल व यजमानाचें स्नान व्हावयाचें असेल, तर पुढील तिन्ही घरांची वेळ आपण बिघडवितों.

राहिली 'माफक दक्षिणा'. येथें संकोचानें आंकडा न लिहिणें हेंच वादाचें मूळ. आपण संस्थेकडे रक्कम भरतों ती दक्षिणा समजून. गुरुजी पूजेअंतीं दक्षिणेची वाट पाहतात, कारण त्या रकमेंतून त्यांस काय मिळणार तें त्यांस सांगितलेलें नसतें. म्हणून दक्षिणा, साहित्य व प्रवास असे तीन आंकडे वेगळे हवेत. उत्तरपूजेसाठीं गुरुजी पुन्हा येणार कीं नाहीं हेंही स्पष्ट हवें. दीड दिवसाचा गणपति असो वा दहा दिवसांचा, तें येणें निराळें आहे.

शेवटची गोष्ट अशौचाची. घरांत सुतक किंवा सोयर आलें तर पूजा राहते आणि भरलेल्या रकमेचें काय, असा प्रश्न दुःखाच्या वेळींच उभा राहतो. गुरुजींच्या घरींही तें येऊं शकतें. आगाऊ रक्कम साहित्याच्या किंमतीइतकीच घेतली तर उत्तर सोपें होतें: साहित्य घरीं पोंचलें असेल तर ती गेली, नसेल तर परत.

या सर्वांचा विचार करून आम्हीं पुढील मसुदा तयार केला आहे. रकमा केवळ नमुन्यादाखल आहेत. गांवाप्रमाणें त्या बदलाव्या.

श्रीगणेशचतुर्थी: घरीं येऊन पूजा

आम्ही आणूं (कोरडें, चार दिवस आधीं): हळद, कुंकू, शेंदूर, अष्टगंध, सुपाऱ्या ८, खारका ५, बदाम ५, जानवीं २, कापसाचीं वस्त्रें, उदबत्ती, कापूर, वाती.

आम्ही आणूं (ओलें, आदल्या सायंकाळीं): एकवीस दूर्वांची जुडी, तांबडीं फुलें, विड्याचीं पानें १२, पत्री किमान दहा जातींच्या.

आपण ठेवावें: मूर्ति, चौरंग, समई व तेल, ताम्हन-पळी, तांदूळ, नारळ २, फळें, दूध, दहीं, तूप, मध, साखर, नैवेद्य.

वेळा: ७, ८.३०, १०, ११.३०. पूजा एक तास. अर्ध्या तासाहून अधिक उशीर होत असल्यास दूरध्वनीनें कळवूं.

आकार: दक्षिणा १,५०० रुपये, साहित्य ८०० रुपये, प्रवास २०० रुपये, एकूण २,५०० रुपये. दक्षिणा संपूर्ण गुरुजींस मिळते. विड्यावर ठेवावयाचें तें स्वेच्छेचें. उत्तरपूजा हवी असल्यास ७०० रुपये निराळे.

आगाऊ: ८०० रुपये. अशौचामुळें पूजा रद्द झाल्यास, साहित्य दिलें नसेल तर पूर्ण परत. गुरुजींस अडचण आल्यास त्याच वेळेस दुसरे गुरुजी येतील. न आल्यास साहित्य आपणांकडेच राहील व आगाऊ रक्कम परत मिळेल.

हा मजकूर सुंदर नाहीं. पण तो वाचून झाल्यावर यजमानास विचारण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. ज्यांच्याकडे अशी जाहिरात येणार नाहीं, त्यांनीं हाच मसुदा समोर ठेवून दूरध्वनीवर एकेक रकाना विचारून घ्यावा आणि मिळालेलीं उत्तरें लिहून घेऊन तीच यादी गुरुजींकडे परत पाठवावी.