शिलाईत दोष कुणाचा, वरच्या दोऱ्याचा की बॉबिनचा?
चिंधीवर टीप मारून ओळखण्याची रीत

रमजान जवळ आला की शिलाईकामाच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत मशिनी चालतात आणि नेमक्या त्याच दिवसांत टाका बिघडतो. मग घाईत कारागीर हातात पेचकस घेतो, दिसेल तो स्क्रू फिरवतो, आणि एका बिघाडाचे दोन होतात. या अंकात आम्ही फक्त एवढेच सांगणार आहोत की, स्क्रूला हात लावण्यापूर्वी दोष वर आहे की खाली, हे कातरणीतल्या दोन चिंध्यांवर कसे ओळखावे. जी काळी सरळ टाक्याची मशीन बहुतेक दुकानांत आहे, जिचे बॉबिन केस हाताने काढता येते, तिच्याविषयीच हे लिहीत आहोत.

टाका कसा बनतो ते आधी ध्यानात घ्यावे. वरचा दोरा सुईतून खाली जातो, शटल त्याचा फास बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते, आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ही गाठ कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये बसली पाहिजे. दोन्ही दोरे एकमेकांना ओढत असतात, म्हणजे ही एक प्रकारची रस्सीखेच आहे. ज्याचा ओढा जास्त, त्याच्या बाजूला गाठ सरकते. म्हणून वरचा दोरा जास्त ताणला असेल तर बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके कापडाच्या वरच्या अंगाला दिसतात. वरचा ढिला असेल, किंवा बॉबिनचा फार घट्ट असेल, तर वरच्या दोऱ्याचे फास खालच्या अंगाला दिसतात. अनेकांची चूक इथेच होते. खाली गुंता दिसला की ते खालचे बॉबिन केस धरतात. प्रत्यक्षात खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या ढिल्या दोऱ्याचा असतो.

आता चाचणी. ज्या कापडाचे काम चालू आहे, त्याच कापडाच्या चिंधीचे दोन पदर घ्यावेत. दुसऱ्या जाडीच्या कापडावर केलेली परीक्षा कामाची नाही. वर एका रंगाचा व बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा भरावा, पण दोन्ही एकाच जातीचे व एकाच जाडीचे हवेत. बुरख्याचे काम करणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा दोष डोळ्याला दिसतच नाही. तो गिऱ्हाइकाच्या अंगावर शिलाई उसवते तेव्हा दिसतो. वरचा दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असावा. पाय खाली असला तर टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता कडेवर राहतो, आणि मग नट कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. सुई नवी लावावी. मग वीतभर सरळ टीप मारावी आणि चिंधी दोन्ही अंगांनी उजेडात पाहावी.

डोळ्याने खात्री होत नसेल तर दुसरी टीप उरेब मारावी, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी. तिची दोन टोके दोन्ही हातांत धरून एकदम झटका द्यावा. जो दोरा तुटेल, तो जास्त ताणलेला. दोन्ही एकदम तुटले किंवा एकही तुटला नाही, तर दोघांचा ताण बरोबरीचा आहे असे समजावे.

परंतु बरोबरीचा म्हणजे योग्य, असे मात्र नाही. आमच्या ओळखीच्या एका उस्तादांची हकिकत यासाठी सांगतो. त्यांच्याकडे बुरख्यांचे मोठे काम आले होते. पहिले नग गेले आणि व्यापाऱ्याने खांद्याची शिलाई उघडते म्हणून ते परत पाठवले. मजुरी अडकली. उस्तादांनी पाहिले तर खालच्या अंगाला बॉबिनचा दोरा तारेसारखा सरळ पडलेला, आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे फास. एक टोक ओढले की पूर्ण दोरा सरसर निघून येई. त्यांनी "खालचाच दोष" म्हणून बॉबिन केसचा स्क्रू ढिला केला. टाका दोन्ही अंगांनी सारखा दिसू लागला, ते खूश झाले. दुसरी खेप गेली, तीही परत आली.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा त्यांनी दोन रंगांची चिंधी दाखवली. टाका खरोखर बरोबरीचा होता. आम्ही म्हटले, "चाचा, आता हे दोन पदर बाजूला ओढून पाहा." ओढल्याबरोबर शिलाईच्या फटीत दोन्ही रंगांचे दोरे जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसू लागले. वरचा ढिला होताच, त्याच्या जोडीला त्यांनी खालचाही ढिला केला होता. दोन कमजोर पैलवानांची कुस्ती बरोबरीत सुटली, एवढेच. याच्या उलटही होते: दोन्ही घट्ट असले तर टाका सुबक दिसतो, पण पातळ कापडावर शिलाईलगत चुण्या पडतात.

मूळ कारण वरच्या चकत्यांमध्ये निघाले. तिथे तुटलेल्या दोऱ्याचा बारीक तुकडा व कापडाची धूळ अडकली होती, त्यामुळे चकत्या पूर्ण मिटत नव्हत्या. पाय वर उचलून, दुमडलेल्या पातळ कापडाची कड मधून फिरवली आणि ती साफ केली. पुन्हा चिंधीवर टीप मारली. आता बॉबिनच्या रंगाचे ठिपके वर आले. हे अपेक्षितच होते, कारण वरचा ताण पूर्ववत झाला आणि खालचा मात्र त्यांनी सोडलेला होता.

म्हणून आधी बॉबिन केस ठीक केले. त्याची परीक्षा सोपी आहे. भरलेल्या बॉबिनसह केस दोऱ्याने लोंबकळत धरावे. ते आपल्या वजनाने सरसर खाली गेले तर ढिले. हाताला हलका झटका दिल्यावरही जागचे हलले नाही तर घट्ट. झटक्याला दोन-तीन बोटे उतरून थांबावे, हे ठीक. उस्तादांचे केस थेट जमिनीकडे निघाले. स्क्रू उजवीकडे एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, याहून जास्त नाही, असा फिरवला. दुसऱ्या वेळी ते जागेवर थांबले. हा स्क्रू फार लहान असतो, पांढरे कापड अंथरून त्यावरच काम करावे, नाहीतर तो शोधण्यात दुपार जाते. स्प्रिंगखाली धूळ असेल तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी कागदाच्या कडेने ती काढावी.

यानंतर वरचा नट थोडाथोडा फिरवून, प्रत्येक वेळी नवी टीप मारून, गाठ पदरांच्या मध्ये आणली. चौथ्या टिपेला काम झाले. पदर ओढले तरी फट पडेना आणि चुण्याही नव्हत्या. मग काळा दोरा ओवला, आणि परत आलेल्या नगांच्या खांद्यांवर दुसरी टीप मारून ते पाठवले. त्या दिवसापासून दोन रंगांची ती चिंधी कापडाच्या नावासह भिंतीवर खिळ्याला लटकते आहे.

दोन गोष्टी सांगणे राहिले. टाका मधूनच बिघडतो व पुन्हा सुधारतो, तेव्हा ताणाकडे न पाहता बॉबिन पाहावे. ते बहुधा एका अंगाला फुगवून भरलेले असते. आणि टाके सुटत असतील तर दोष ताणाचा नसून बहुतेक सुईचा असतो. तिथे नट फिरवून काही हाती लागणार नाही.