फोनची काच आणि तिचे खरे रक्षण



सुप्याच्या परिसरात आता बहुतेक घरी एक तरी स्मार्टफोन असतो. गोव्यात वा आखातात कामाला गेलेल्या मुलाचा आवाज त्यातूनच ऐकू येतो आणि त्याने पाठविलेल्या पैशांची वर्दीही त्यावरच मिळते. अशा फोनचा पडदा एकदा फुटला की तो बदलण्यास कित्येक दिवसांची मजुरी खर्ची पडते. म्हणून नवा फोन घेताच आपण दुकानदाराकडून त्यावर टेंपर्ड ग्लास चिकटवून घेतो आणि आता चिंता मिटली असे समजतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की फोनच्या काचेचे शत्रू दोन आहेत: एक ओरखडा आणि दुसरा आपटणे. त्यांचे स्वभाव निराळे असल्यामुळे त्यांवरील उपायही निराळे आहेत.

फोनची मूळ काच साधी नसते. काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात, सुमारे ४०० अंश उष्णतेत, काही तास बुडवून ठेवतात. तेव्हा काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. भरलेल्या बाकावर आणखी माणसे दाटीने बसवावीत, तसा हा प्रकार होय. त्या दाटीमुळे काचेचा वरचा थर सदैव दाबाखाली राहतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. यास्तव ती वाकली तरी पृष्ठभागावरील दाब संपेपर्यंत तडा जात नाही. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने अशी काच १९६० च्या दशकातच बनविली होती. फोनवर ती सर्रास दिसू लागली ती २००७ नंतर. परंतु हा दाबाचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच जाड असतो. त्याहून खोल ओरखडा गेला की काचेचे बळ त्या ठिकाणी संपते, आणि पुढे हलक्याशा धक्क्यानेही तडा तेथूनच धावत सुटतो.

आता ओरखडा कशाने पडतो ते पाहू. पुष्कळांस वाटते, खिशातील किल्लीने वा नाण्याने. तसे सहसा होत नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली कठीणपणाची जी १ ते १० अशी श्रेणी मांडली, तीत फोनची काच सुमारे ६ व्या पायरीवर बसते. चाकूचे साधे पोलाद साडेपाचच्या आसपास असते आणि नाणी त्याहून मऊ असतात. वाळूतील गारेचा कण मात्र ७ व्या पायरीवर आहे. म्हणजे काळी नदीच्या काठची वाळू, बांधकामावरील धूळ, रस्त्यावरील मातीतला बारीक खर हेच काचेचे खरे वैरी होत. फोन खिशात वाळूच्या चार कणांसह बसला, किंवा धुळीने माखलेला पडदा पदराने वा लुंगीच्या टोकाने कोरडाच घासून पुसला, की काम झाले.

टेंपर्ड ग्लासच्या पाकिटावर ‘९ एच’ असे छापलेले असते. दुकानदार त्या काचेवर चाकू ओढून दाखवितो आणि गिऱ्हाईक थक्क होते. परंतु ‘९ एच’ ही पायरी मोस यांची नव्हे, ती पेन्सिलींची आहे. ९ एच या अतिशय कठीण शिसपेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. चाकूने साधी काचही सहसा ओरबाडत नाही, म्हणून त्या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. वाळू दोन्ही काचांना सारखीच ओरबाडते. लाभ इतकाच की ओरखडा वरच्या स्वस्त काचेवर पडतो आणि खालची महाग काच निर्दोष राहते. हेच काम प्लॅस्टिकची पातळ फिल्मही करते. तिच्यावर रेघा लवकर उमटतात, हे खरे, पण त्या तिच्यावरच राहतात.

आता आपटण्याकडे वळू. समजा, २०० ग्रॅम वजनाचा फोन एक मीटर उंचीवरून जांभ्या दगडाच्या पायरीवर कोपऱ्यावर पडला. एक मीटर म्हणजे १००० मिलिमीटर. एवढे अंतर पडून आलेला फोन दगडावर अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर त्या क्षणी त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे २००० पट, म्हणजे ४०० किलोंच्या भाराएवढा दाब येतो. तोच कोपरा रबरी कव्हरात असेल आणि ते रबर दबत दबत फोन दोन मिलिमीटरात थांबवील, तर हा दाब चौथाईवर, म्हणजे १०० किलोंवर येतो. दीड मिलिमीटर रबराची ही करामत आहे. पडद्यावर चिकटविलेली काच येथे काहीही करू शकत नाही, कारण धक्का कोपऱ्यातून चौकटीत आणि चौकटीतून पडद्याच्या कडेत शिरतो, आणि कड हीच काचेची सर्वांत दुबळी जागा असते.

“टेंपर्ड ग्लास फुटली, म्हणून पडदा वाचला,” असे आपण नेहमी ऐकतो. ते बहुधा खरे नसते. ही काच जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या कडा बहुधा ओबडधोबड घासलेल्या असतात. ज्या धक्क्याने मूळ पडद्यास काहीच झाले नसते, त्यानेही ती फुटते. तिचा खरा उपयोग एका प्रसंगी होतो: फोन पालथा होऊन खडीवर पडला आणि एखादे टोक पडद्यात घुसू पाहू लागले, तर ते प्रथम तिच्यात घुसते. कव्हराचा येथे फारसा उपयोग नसतो, कारण खडीचे टोक त्याच्या काठांमधून आत पोहोचते.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा. प्रथम कव्हर, तेही मऊ रबरासारखे, कोपऱ्यांत जाड असलेले. केवळ कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे कव्हर दिसावयास छान, पण ते धक्का जिरवीत नाही. त्यानंतर टेंपर्ड ग्लास वा फिल्म.

कव्हर पारखण्याची एक सोपी रीत आहे. टेंपर्ड ग्लास लावलेला फोन कव्हरात घालून त्याच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी. पट्टी कव्हराच्या दोन्ही काठांवर टेकली आणि काचेला कोठेही लागली नाही, तर कव्हर योग्य आहे. पट्टी काचेवर टेकत असेल, तर फोन सपाट फरशीवर पालथा पडताच सारा भार काचेवर येणार. मात्र कव्हराच्या काठाने टेंपर्ड ग्लासची कड उचलली जात असेल, तर तिच्याखाली फुगा राहतो व धूळ शिरते. अशा वेळी किंचित लहान काच घ्यावी.

फोन पडल्यावर तडा वरच्या काचेस गेला की मूळ पडद्यास, हे ओळखणेही कठीण नाही. वरची काच एका कोपऱ्याकडून सावकाश उचलून काढावी, पडदा ओल्या मऊ फडक्याने पुसावा आणि त्यावरून नख हलकेच फिरवावे. नख कोठेही अडले नाही व चित्र स्वच्छ दिसले, तर केवळ नवी टेंपर्ड ग्लास पुरे. चित्रात काळा डाग वा रंगीत रेघा दिसल्या, तर आतला पडदाच गेला असे समजावे.

शेवटी, कव्हर महिन्यातून एकदा काढून धुवावे आणि पूर्ण वाळवून मगच पुन्हा घालावे. आत अडकलेली वाळू फोनची पाठ व कडा रोज थोडी थोडी घासत असते. पडदा पुसताना आधी धूळ फुंकून टाकावी, मग किंचित ओल्या कापडाने टिपावी, कोरडी कधीही घासू नये. एवढे केले, तर स्वस्त कव्हर आणि साधी फिल्मही महागड्या काचेइतकेच, किंबहुना काही वेळा अधिक, काम देतील.