धातूच्या पेटीत सर्किट बोर्ड बसवताना

किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर नळीच्या उपकरणात काही शे व्होल्टचा दाब लागत असल्याने, बोर्ड धातूच्या पेटीत कसा बसवला आहे याला विशेष महत्त्व प्राप्त होते. बोर्डाच्या खालच्या बाजूस डाग दिलेल्या तारांची टोके साधारण 2 मिलिमीटर बाहेर आलेली असतात. म्हणून बोर्ड तळावर न टेकवता स्टँडऑफवर, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या छोट्या खांबांवर, उचलून धरतात. खांब 10 मिलिमीटरचा घेतल्यास टोकांखाली सुमारे 8 मिलिमीटर हवा उरते, जी 230 व्होल्टच्या भागासाठीही सहसा पुरेशी असते. तरी खाडीकाठच्या दमट, खारट हवेत धूळ ओलावून पृष्ठभागावरून गळती होते, म्हणून तळाशी पॉलिएस्टरची पातळ फिल्म घालणे शहाणपणाचे.

खरी चूक बहुधा स्क्रूपाशी होते. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचा वॉशर सुमारे 7 मिलिमीटर रुंद असतो आणि त्याखाली आलेला तांब्याचा पट्टा, हिरवा लेप खरवडला गेल्यावर, पेटीला जोडला जातो. तेथे नायलॉनचा खांब बरा, मात्र तो जोराने पिळल्यास आटे जातात. चौथा स्क्रू लावण्यापूर्वी तो कोपरा अधांतरी दिसला, तर खांबांची उंची असमान आहे असे समजून वॉशर घालावा. बोर्ड ओढून बसवल्यास सिरॅमिक कपॅसिटर तडकतात.